मागील पानावरून पुढे

‘सर्पदंश. ए.एस.व्ही. दिले. व्हायटल्स स्टेबल. बाकी सेम ट्रीटमेंट.’

रात्री आठ वाजता रिपोर्ट बुकात एवढी ओळ लिहून दुपारपाळीची सिस्टर घरी जाते. ओळीत खोटं काही नाही. सर्पदंश झालाय, सर्पविषरोधक लस दिलीय, नाडी आणि रक्तदाब ठीक आहेत. पण रात्रपाळीच्या सिस्टरने ही ओळ दहा वेळा वाचली तरी आता नेमकं काय करायचं आणि कधी, हे तिला कळत नाही. ओळ झालेल्या गोष्टी सांगते, राहिलेल्या सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही असंच लिहीत होते.

आमच्या बोलीत याला ‘ओव्हर देणं’ आणि ‘ओव्हर घेणं’ म्हणतात. बहुतेक सरकारी रुग्णालयांत ओव्हर दिवसात तीनदा होते: सकाळी आठला, दुपारी दोनला आणि रात्री आठला. रात्रीची पाळी बारा तासांची, आणि त्या वेळी माणसं सगळ्यात कमी. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात एखाद्या रात्री एकच सिस्टर वॉर्डही बघते आणि प्रसूतिगृहातही धावते. म्हणून रात्री आठची ओव्हर सगळ्यात जोखमीची. ती कशी लिहावी हे एका रुग्णावरून सांगते. रुग्ण कल्पित आहे, पण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही सिस्टरला तो ओळखीचा वाटेल.

प्रवरा आणि मुळेच्या कालव्यांखालचा ऊस, अकोल्याकडची भातखाचरं, पाथर्डी-जामखेडकडची दगडी माळरानं, या सगळ्या भागांत साप आहेत आणि पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्णही. 14 सप्टेंबरला दुपारी साडेतीन वाजता उसाला पाणी देताना 34 वर्षांच्या एका माणसाच्या उजव्या पावलाला साप चावला. सोबतच्याने घोणस पाहिली म्हणे. 16:40 ला त्याला रुग्णालयात आणलं. पाऊल सुजलेलं, हिरड्यांतून रक्त झिरपतंय. 16:50 ला नसेतून दोन मिली रक्त काढून कोरड्या, नव्या काचेच्या नळीत ठेवलं आणि वीस मिनिटं हात लावला नाही. 17:10 ला नळी एकदाच तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. याचा अर्थ ते गोठत नव्हतं. 17:25 ला लसीच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या. पंधरा मिनिटांत अंगावर गांध्या उठल्या आणि थंडी वाजू लागली. लस थांबवली, ॲड्रेनलीन दिलं आणि 18:00 ला लस पुन्हा हळू चालू केली. ती 18:55 ला संपली. डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिलं, रक्त गोठण्याची चाचणी दर सहा तासांनी.

सहा तासच का, हे सिस्टरला ठाऊक हवं, नाहीतर ही वेळ तिला घड्याळातल्या इतर वेळांसारखीच वाटेल. घोणशीचं विष रक्त गोठवणारे घटक वापरून संपवतं. लस विष निकामी करते, पण संपलेले घटक भरून देत नाही. ते यकृतालाच बनवावे लागतात आणि त्याला साधारण सहा तास लागतात. चाचणी लवकर केली तर लसीने काम केलेलं असूनही रक्त पातळच दिसेल, आणि विनाकारण आणखी दहा कुप्या जातील. उशिरा केली, आणि विष अजून रक्तात असलं, तर तेवढे तास तो माणूस आतून रक्तस्राव होण्याच्या धोक्यात राहतो.

आता केस पेपरवरची ती ओळ पुन्हा बघा. दर सहा तासांनी म्हणजे कधीपासून? लस सुरू केल्यापासून मोजलं तर रात्रीचे 23:25 होतात, संपल्यापासून मोजलं तर 00:55. मधे थांबून लस दीड तास चालल्यामुळे तेवढा फरक पडला. दुपारच्या सिस्टरला सगळा प्रकार डोळ्यांसमोर घडलेला असल्यामुळे तिला काही अवघड वाटत नाही. रात्रीच्या सिस्टरकडे फक्त ‘सहा तास’ उरतात. म्हणून डॉक्टर क्वार्टरवर जायच्या आत दुपारच्या सिस्टरने विचारायचं, ‘सर, पुढची टेस्ट किती वाजता लावू?’ उत्तर येतं, रात्री एक वाजता. नोटमध्ये हेच जायला हवं. ‘सहा तासांनी’ ही मुदत झाली. मुदत वाचणाऱ्याला आधी गणित करायला लावते, आणि रात्री दोन खाटांमधल्या धावपळीत केलेल्या गणितावर माझा तरी भरवसा नाही.

इथे आपल्या भाषेची एक गंमत आड येते. ‘14 तारखेच्या रात्री एक वाजता’ असं आपण सहज म्हणतो, कारण आपल्या मनात दिवस उजाडेपर्यंत तारीख बदलत नाही. कागदावर मात्र ती वेळ 15 तारखेची असते. घाईत ‘14/9, 1:00’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, दुपारी एकची टेस्ट होऊन गेली. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. त्या वेळी टेस्ट तीन तास उशिरा झाली. रुग्ण बचावला, पण त्यात आमचं श्रेय काही नव्हतं. तेव्हापासून मी चोवीस तासांचं घड्याळ आणि तारीख दोन्ही लिहिते: ‘15/9, 01:00’.

भाषेची दुसरी खोडही ओव्हरच्या वेळी नडते. ‘टेस्ट करायची आहे.’ ‘डॉक्टरांना सांगितलंय.’ ‘युरिन बघायचंय.’ मराठीत ही वाक्यं अगदी बरोबर आहेत, पण त्यांत कर्ताच नाही. कोणी करायची आहे? कोणत्या डॉक्टरांना, किती वाजता सांगितलं आणि ते काय म्हणाले? नुसतं ‘बघायचंय’ म्हटलं तर काय दिसल्यावर काळजी करायची? राहिलेल्या प्रत्येक कामाला मी चार प्रश्न विचारते: कोण, किती वाजता, काय, आणि निकाल असा आला तर पुढे काय. या चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक नोटांमध्ये नसतं.

आता तीच ओव्हर नीट लिहिली तर कशी दिसेल ते बघा. प्रत्यक्षात आपण ती मराठी-इंग्रजी मिसळून लिहितो, त्याने काही बिघडत नाही.

बेड 7. नाव, आय.पी.डी. क्रमांक. पुरुष, 34, वजन अंदाजे 60 किलो. सर्पदंश, उजवं पाऊल, 14/9, 15:30. धोक्याचा रुग्ण.

आत्ता 19:45: नाडी 92, बी.पी. 110/70, श्वास 18. हिरड्यांतून रक्त थोडं चालू. सूज घोट्याच्या वर चार बोटं, पेनाने रेघ मारून वेळ लिहिली आहे. पापण्या पूर्ण उघडतात.

झालं: 17:10 रक्त गोठलं नाही. लस 10 कुप्या 17:25 ते 18:55. मधे 17:40 ला रिॲक्शन, ॲड्रेनलीन 0.5 मि.ग्रॅ. दिलं. आता गांध्या नाहीत.

राहिलं: (1) 15/9, 01:00 ला गोठण चाचणी, रात्रपाळी सिस्टर. काचेच्या दोन नळ्या बेडजवळच्या ट्रेमध्ये. गोठलं नाही तर लगेच ऑन-कॉल डॉक्टरांना फोन. त्यांनी दुसऱ्या 10 कुप्यांची तयारी ठेवायला सांगितलं आहे. कुप्या वॉर्डच्या कपाटात काढून ठेवल्या आहेत, किल्ली ड्यूटी टेबलाच्या खणात. (2) लघवी मोजणं. 18:15 ला 150 मिली, रंग लालसर. 15/9, 00:15 पर्यंत एकूण 180 मिलीपेक्षा कमी झाली तर डॉक्टरांना कळवणं. (3) धनुर्वाताचं इंजेक्शन दिलेलं नाही. रक्त गोठू लागल्यावर, डॉक्टरांना विचारून.

करायचं नाही: स्नायूत कुठलंही इंजेक्शन नाही, डायक्लोफिनॅक नाही. दुखल्यास पॅरासिटामॉल गोळी, ऑर्डर केस पेपरवर आहे.

लगेच बोलवा: पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना, श्वासाला त्रास झाला, पुन्हा गांध्या किंवा थंडी आली, उलटीत रक्त दिसलं, लघवी आणखी लाल झाली, डोकं खूप दुखू लागलं.

वाचायला दीड मिनिट लागतं. लिहायला पाच-सहा मिनिटं लागतात, आणि ती साडेसातच्या गर्दीत सापडत नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून ही नोट साडेसातला लिहायला बसायचीच नाही. रुग्ण आल्यापासून जे काम पुढे जाणार आहे ते त्या त्या वेळी एका ओळीत टिपत जायचं. आठला फक्त ‘आत्ता’ची ओळ ताजी करायची.

या नोटमधल्या काही ओळी बारीकसारीक वाटतील. किल्ली कुठे आहे हे कशाला लिहायचं? कारण औषध निर्माण अधिकारी आणि लॅबचे टेक्निशियन संध्याकाळी घरी गेलेले असतात. रात्री दीडला रक्त पातळ दिसलं आणि लस कुलूपबंद खोलीत असली, तर चाचणी वेळेवर झाल्याचा काही उपयोग नाही. काचेच्या नळ्यांचंही तसंच. नळी प्लॅस्टिकची असली किंवा आतून साबणाने धुतलेली असली, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि चाचणी खोटं सांगते. रात्री घाईत हाताला येईल ती नळी घेतली जाते. म्हणून योग्य नळी दुपारच्याच सिस्टरने बाजूला काढून ठेवायची. तरी शंका आली तर तशाच दुसऱ्या नळीत कुणा निरोगी माणसाचं दोन मिली रक्त ठेवून बघायचं. तेही वीस मिनिटांत गोठलं नाही तर दोष नळीत आहे.

‘करायचं नाही’ ही ओळ मी सगळ्यात महत्त्वाची मानते, आणि तीच बहुतेक नोटांमध्ये नसते. रात्री अडीच वाजता पाय ठणकतो, नातेवाईक टेबलाशी येतात, ‘सिस्टर, एक इंजेक्शन द्या की.’ दुखण्याला डायक्लोफिनॅक ही आपल्या हाताची सवय झालेली आहे. पण या माणसाचं रक्त गोठत नाही. सुई टोचली तिथे स्नायूत रक्त साचून गाठ धरेल. शिवाय घोणशीच्या विषाने मूत्रपिंडं आधीच धोक्यात असताना डायक्लोफिनॅक त्यांच्यावर आणखी भार टाकतं. धनुर्वाताचं इंजेक्शनही याच कारणाने थांबवलेलं आहे. ॲड्रेनलीन मात्र स्नायूतच दिलं होतं, कारण रिॲक्शनमध्ये जीव जाण्याचा धोका त्या गाठीपेक्षा मोठा असतो. हा अपवाद रात्रीच्या सिस्टरला तोंडी सांगायला हवा. नाहीतर ‘स्नायूत इंजेक्शन नाही’ एवढं वाचून ती पुढच्या रिॲक्शनच्या वेळी अडखळेल.

लघवीचा 180 हा आकडा कुठून आला? मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे तासाला अर्धा मिली लघवी व्हायला हवी असा ढोबळ हिशेब असतो. साठ किलोला तासाला तीस, सहा तासांना 180. ‘युरिन आउटपुट बघणं’ असं लिहिलं असतं तर सकाळी कुणीतरी सांगितलं असतं, ‘झाली होती थोडी.’ आणि सकाळी ड्यूटीवर येणाऱ्या मामांनी भांडं नेहमीप्रमाणे रिकामं करून धुऊन ठेवलं असतं. एकदा माझ्याच पाळीत असं झालं. मामांची चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता अशा रुग्णाची ओव्हर देताना मी वॉर्डातल्या मावशींना आणि मामांनाही खाटेशी बोलावते.

ओव्हर टेबलाशी बसून देऊ नये हे त्यासाठीच. खाटेजवळ दोघींनी पायावरची पेनाची रेघ एकदम बघायची. ‘सूज घोट्याच्या वर’ हे तिने ऐकलं आणि मी पाहिलं, तर रात्री दोनला ती वाढलीय की तेवढीच आहे हे तिला ठरवता येणार नाही. रेघ आणि वेळ पाहिली असेल तर एका नजरेत कळतं. मग घेणाऱ्या सिस्टरने राहिलेली कामं आपल्या तोंडाने परत म्हणायची: ‘एक वाजता टेस्ट, गोठलं नाही तर फोन, लस कपाटात, किल्ली खणात, स्नायूत काही नाही.’ हे म्हणताना ती अडखळली तर चूक तिची नसते, माझ्या नोटची असते. आणि हो, बाराच्या आत मोबाइलवर गजर लावायचा. वीस मिनिटांसाठीही वेगळा लावायचा, कारण नळी ठेवली आणि प्रसूतिगृहातून हाक आली की वीसची पस्तीस कधी होतात कळत नाही.

नोट अशी खणांत मांडायच्या पद्धती जगात बऱ्याच आहेत. एस-बार नावाची पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतल्या बोलण्याच्या शिस्तीवरून रुग्णालयांत आली. परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि सूचना असे तिचे चार भाग. रात्री फोनवर डॉक्टरांना उठवायचं असेल तर ती उत्तम. बोलणं एका मिनिटात मुद्द्याशी येतं. आय-पास नावाच्या दुसऱ्या पद्धतीत रुग्ण किती गंभीर आहे हे आधी सांगतात. ‘असं झालं तर तसं करा’ याला आणि ऐकणाऱ्याने परत म्हणण्याला तिच्यात स्वतंत्र जागा आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या 9 रुग्णालयांत ती आणल्यावर वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी कमी झाल्याचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. तो अभ्यास मुलांच्या विभागातल्या निवासी डॉक्टरांचा होता, परिचारिकांचा नव्हे, त्यामुळे तो आकडा आपल्या वॉर्डाला तसाच लावू नये. मला त्यातल्या दोनच गोष्टी आपल्याकडे उचलाव्याशा वाटतात: ‘तर काय’ लिहिणं आणि परत म्हणणं.

छापील तक्त्याचं एक दुखणं मात्र आहे. तीस रुग्णांचे तीस तक्ते भरायला लावले की हात यंत्रासारखा चालतो आणि सगळ्यांपुढे ‘स्टेबल’ येतं. अशी नोट नसलेलीच बरी. मी बेड नंबरच्या क्रमाने ओव्हर देत नाही. आधी धोक्याचे तीन-चार रुग्ण, त्यांची सविस्तर नोट. बाकीच्यांना एक ओळ पुरते. बेड 1 च्या हर्नियाने पाच मिनिटं खाल्ली की बेड 7 ची पाळी येईपर्यंत जाणाऱ्या सिस्टरची एस.टी. सुटायची वेळ झालेली असते. हसण्यावारी नेऊ नका, कित्येक ओव्हर त्या एस.टी.ने बिघडवल्या आहेत.

चांगल्या नोटने माणसं वाढत नाहीत हेही सांगायला हवं. एक वाजता टेस्ट लावायची आणि त्याच वेळी प्रसूती अडली, तर नोट कितीही नेटकी असली तरी सिस्टर एकच आहे. अशा रात्री नोट एवढंच करू शकते की काय मागे पडतंय हे तिला लगेच दिसेल, आणि ती दुसऱ्या कुणाला किंवा डॉक्टरांना वेळेत हाक मारेल. अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा आहे, 17 हजार चौरस किलोमीटरच्या वर. अकोल्याहून नगरचं जिल्हा रुग्णालय शंभरावर किलोमीटर लांब आहे. डायलिसिससाठी रुग्ण हलवायचा झाला तर 108 मध्ये तो चढवायच्या आत हीच नोट त्याच्यासोबत द्यायची असते. तिथल्या सिस्टरला आपण तोंडी काही सांगू शकत नाही.

आपल्या रुग्णाकडे परत येऊ. 15 तारखेला 01:00 ला नळी ठेवली, 01:20 ला रक्त अजून पातळ. फोन झाला, दुसऱ्या दहा कुप्या 01:40 ते 02:40. पुढची चाचणी डॉक्टरांनी 08:40 ला सांगितली, म्हणजे सकाळची पाळी बदलल्यावर चाळीस मिनिटांनी! रात्रीच्या सिस्टरने ती नव्या नोटमध्ये वेळेसकट लिहिली. लघवी 00:15 पर्यंत 210 मिली झाली होती. ती ओळ पूर्ण म्हणून एका रेघेने खोडली आणि सही केली. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. धनुर्वाताच्या इंजेक्शनची ओळ मात्र खोडता येत नव्हती.

अशा ओळीचं काय करायचं हे आपल्या दुकानदारांना शतकानुशतकं ठाऊक आहे. खतावणीचं पान भरलं की शेवटची बाकी नव्या पानावर सगळ्यात वर येते, ‘मागील पानावरून पुढे’ म्हणून. राहिलेलं काम जुन्या पानावर सोडायचं नसतं. ते मूळ तारखेसह नव्या नोटच्या वर उतरवायचं. मूळ तारीख यासाठी, की तीन पाळ्या लोंबकळलेलं काम आजच उगवल्यासारखं दिसू नये.

09:00 ला नळी तिरकी केली तेव्हा रक्त गोठलेलं होतं. डॉक्टरांनी खात्रीसाठी आणखी एक चाचणी सांगितली, 15:00 ला. दुपारी दोनच्या ओव्हरला ती वेळ आणि इंजेक्शनची ओळ, दोन्ही पुन्हा वर आल्या. 15:20 ला रक्त पुन्हा गोठलेलं दिसलं. 15:40 ला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं गेलं. त्या ओळीवर रेघ मारणारी सिस्टर त्या रुग्णाला त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होती.